सूर्यनारायणाचे पाच

चाळणी रागावली की ओरडत नाही, भांडी आपटत नाही. ती तक्ता बनवते. आता तुम्ही म्हणाल, हा कसला राग? अहो, ओरडणाऱ्याचा राग तासाभरात उतरतो. तक्ता बनवणाऱ्याचा महिनोन्‌महिने टिकतो, आणि तो सगळ्यांना पाठवता येतो.

ऑफिसातलं हे तिचं टोपणनाव, आणि तिला ते आवडायचं. काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्यांनी लिहिलेलं काम तिच्या टेबलावर यायचं आणि त्यातला खडा न्‌ खडा ती वेगळा काढायची. एकेचाळीस वर्षांची, चष्म्याची, खुर्चीवर पाय वर घेऊन बसणारी बाई. अकरा वर्षं त्याच मजल्यावर, खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर. तिथून खाली बसथांबा आणि समोर चाव्या बनवणाऱ्याचं दुकान दिसायचं. साडेपाचला ऑफिस सुटलं की सगळा मजला रिकामा व्हायचा. चाळणी मात्र बसून राहायची, कारण सहाला सूर्यनारायण उगवायचे.

सूर्यनारायण म्हणजे टीमचे साहेब. हेही नाव चाळणीनेच ठेवलेलं. टीम तीन ठिकाणी विखुरलेली. साहेब पश्चिमेच्या ऑफिसात, त्यांचं घड्याळ आपल्यामागे नऊ तास. पूर्वेच्या ऑफिसातली मंडळी आपल्यापुढे तीन तास. मध्ये आपण. साहेबांनी आल्या आल्या ठरवून टाकलं होतं की सोमवार ते शुक्रवार रोज सगळ्यांनी एक तास कॉलवर बसायचं, आणि वेळ सकाळी नऊची. त्यांच्या सकाळी नऊची, हे सांगायला नकोच. म्हणजे आपल्या संध्याकाळी सहाची आणि पूर्वेच्या रात्री नऊची. पृथ्वी त्यांच्याभोवती फिरत होती, म्हणून ते सूर्यनारायण. माणूस वाईट नव्हता हो. हसरा होता, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचा. फक्त आपल्या नऊला जगात आणखी काही वाजलेलं असतं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही. आणि अशी माणसं दुष्टांपेक्षा जास्त छळतात, हे माझं स्पष्ट मत आहे.

त्यात पश्चिमेची घड्याळं वर्षातून दोनदा बदलतात. थंडी आली की एक तास मागे, उन्हाळा आला की एक तास पुढे. आपली बदलत नाहीत, पूर्वेचीही नाहीत. त्यामुळे थंडी लागली की साहेबांचे नऊ म्हणजे आपले सात व्हायचे आणि पूर्वेचे दहा. साहेबांचे मात्र नऊचे नऊच. त्या सोमवारी ते दरवर्षी न चुकता कॉलच्या सुरुवातीला हात चोळत म्हणायचे, "काल घड्याळ मागे गेलं. एक तास जास्त झोपायला मिळालं! कसं वाटतंय सगळ्यांना?"

सगळे हसायचे. सहा वर्षं हसले. चाळणीही हसायची, दात दिसतील इतकंच.

आता तिला हे एवढं का झोंबायचं ते सांगतो. तिचा नवरा बेकरीत, भट्टीवर. रात्री दीडला उठायचा, दोनला भट्टीपाशी, सकाळी दहाला सुट्टी. घरी येऊन अंघोळ, जेवण, थोडी झोप, घरातली कामं. संध्याकाळी साडेआठला दिवा बंद करून आडवा व्हायचा, नाहीतर दीडला उठवेना. म्हणजे उन्हाळ्यात कॉल सातला संपला, चाळणी साडेसातला घरी पोचली, की नवरा-बायकोला मिळायचा एक तास. त्या तासात जेवण, हसणं, भांडण, "अगं, नळ गळतोय", "अरे, तुझ्या बहिणीचा फोन होता", सगळं उरकायचं. मूलबाळ नव्हतं. होता तो हा एक तास.

आणि थंडीत तोही नाही. कॉल आठला संपायचा, ती साडेआठला दार उघडायची तेव्हा घरात अंधार आणि नवऱ्याच्या घोरण्याचा आवाज. पाच महिने दोघांचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालायचा. "भाजी खालच्या कप्प्यात." "गॅसवाला येऊन गेला." "तुझा निळा शर्ट उसवलाय, ठेव बाहेर." शनिवारी त्याची दुहेरी पाळी, रविवार तेवढा हाताशी, पण बेकरीला रविवारीच जास्त काम. तुम्हीच सांगा, याला संसार म्हणायचं का टपालखातं?

गेल्या थंडीत फ्रिजवर एक चिठ्ठी आली. "बोलायचं आहे." एवढंच. चाळणीने खाली लिहिलं, "रविवारी." रविवारी बेकरीत दुसरा माणूस आला नाही, नवरा दुपारपर्यंत राबून आला आणि खुर्चीतच झोपला. चिठ्ठी तशीच राहिली. नऊ दिवस.

नवव्या दिवशी तो ऑफिसात आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. कॉल चालू होता. काचेच्या खोलीत चाळणी, समोर पडद्यावर सूर्यनारायण आणि बाकीचे चौकोन. काचेबाहेर हा उभा. बुटांवर पीठ, हातात टोपी. त्याने काचेवर हलकेच बोट वाजवलं. चाळणीने मान वळवली आणि तळहात उभा केला. एक मिनिट.

ते मिनिट पन्नास मिनिटांचं झालं. कामाचं पंधरा मिनिटांतच संपलं होतं, पण सूर्यनारायणांनी नवी होडी घेतली होती आणि तिला रंग कोणता द्यावा यावर त्यांना सगळ्यांचं मत हवं होतं. चाळणीने निळा सांगितला. वळून बघते तर काचेबाहेर कोणी नाही. त्याची झोपेची वेळ झाली होती.

नंतर कळलं ते असं. बेकरीच्या मालकाने दुसऱ्या गल्लीत दुकान घेतलं होतं आणि तिथे दिवसाच्या पाळीला माणूस हवा होता. सकाळी आठ ते चार. पगार थोडा कमी. "बायकोला विचारून सांगतो," असं हा म्हणाला होता, आणि मालकाने दहा दिवस दिले होते. दहाव्या पहाटे मालकाने विचारलं, "काय रे?" न विचारता हो कसं म्हणायचं? घराचा हप्ता, सगळा हिशेब दोघांचा. "नाही जमणार," म्हणाला. ती जागा भट्टीवरच्याच दुसऱ्या एकाला मिळाली.

"तू आत येऊन सांगायचं नाहीस का?" चाळणी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तू हात दाखवलास ना," तो म्हणाला. रागाने नाही. तेच तर वाईट. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून चाळणीच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. या माणसाला पहाटे उठवायचं. त्याच्या मऊ गादीतून, काळोखात, गजर लावून. बाकी काही नको. होडी बुडू दे असंसुद्धा तिने म्हटलं नाही. फक्त पहाटे उठवायचं.

पण साहेबाला "तुम्ही पहाटे उठा" असं कोण सांगणार? सांगायचं तर ते न्यायाचं दिसलं पाहिजे. म्हणून तिने तक्ता बनवायला घेतला. ओळीला एकेक माणूस, आणि पुढे गेल्या वर्षभरात त्याने ऑफिसच्या वेळेबाहेर किती तास कॉलला दिले ते. सगळं कॅलेंडरमधून उचललेलं, तोंडच्या गोष्टी नाहीत. आपल्याकडची चार माणसं, प्रत्येकी दोनशेच्या वर. पूर्वेची तीन, त्यांचेही तेवढेच. सूर्यनारायण आणि त्यांची पश्चिमेची दोन माणसं, शून्य. ते शून्य तिने ठळक केलं, आणि मग स्वतःच म्हणाली, "इतकं नको, कळेल त्याला," आणि पुन्हा साधं केलं.

उन्हाळा संपत आला होता. ईमेल लिहायला तिला तीन दिवस लागले. दुपारच्या जेवणाचा डबा एका हाताने खायचा आणि दुसऱ्याने खोडायचं. ईमेल असं होतं की वाचणाऱ्याला राग कुठे सापडू नये. "आपल्या तिन्ही ऑफिसांना सोयीची अशी एकही वेळ नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणून गैरसोय वाटून घ्यावी असं सुचवते." मग तीन पाळ्या, दोन-दोन आठवड्यांच्या. पहिलीत पश्चिमेने सकाळी सहाला बसायचं, तेव्हा आपले दुपारचे तीन आणि पूर्वेचे संध्याकाळचे सहा. दुसरीत पश्चिमेचे आठ, आपले पाच, पूर्वेचे रात्रीचे आठ, म्हणजे भार पूर्वेवर. तिसरीत आपण सकाळी सहाला घरून बसायचं, पूर्वेचे नऊ, आणि पश्चिमेचे आदल्या रात्रीचे नऊ. कॉल तासाचा नाही, अर्ध्या तासाचा. जे लिहून भागतं त्याला कॉल नको. ज्याला जमलं नाही त्याने टिपण वाचावं, त्याला कोणी बोल लावू नये.

गोड, सोज्वळ ईमेल. आणि तळाशी एक बारीकशी ओळ. "आमंत्रणं माझ्या कॅलेंडरमधून जातील."

हीच ती मेख. त्या लोकांच्या कॅलेंडरात कॉल हा आमंत्रण पाठवणाऱ्याच्या घड्याळाला बांधलेला असतो. आजवर पाठवणारे सूर्यनारायण होते, म्हणून घड्याळ बदललं की हलायची बाकीची दुनिया. आता पाठवणार चाळणी. तिचे तीन ते तीनच राहणार. आणि पश्चिमेचं घड्याळ मागे गेलं की साहेबांच्या सहाचे होणार पाच. पहाटेचे. कोणालाही न विचारता, आपोआप. पाळ्यांचा क्रमही तिने असा लावला होता की घड्याळ बदलायच्या आठवड्यात पश्चिमेचीच पाळी यावी. चाळणीने हे सगळं लावलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मनापासून हसली.

एकटीने पाठवण्यापेक्षा दोघींनी पाठवलेलं बरं, म्हणून तिने मसुदा पूर्वेच्या बाईला धाडला. पूर्वेची बाई चाळणीसारखंच काम करायची. साहेबांचा नियम असा की कॅमेरा चालू हवा, चेहरे दिसले पाहिजेत. या बाईचा मात्र कायम बंद. "नेट कमजोर आहे," म्हणायची. सहा वर्षांत तिचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. चाळणीला वाटलं, ही गरीब गाय आहे, लगेच सही करेल.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. नुसत्या दोघींतलं.

"ताई, तक्ता चांगला आहे. एक ओळ राहिली होती, ती मी घातली आहे. आणि तळाची ओळ मला कळली. त्यांचं घड्याळ मागे गेलं की त्यांचे पाच होतात. ते तुम्ही लिहून सांगितलेलं नाही. लपवलेलं असेल तर माझं नाव नको. मी घातलेली ओळ ठेवून हे उघड लिहिणार असाल तर माझी सही आहे."

चाळणीने तक्ता उघडला. एक नवी ओळ होती. चाळणीचा स्वतःचा कॉल, पूर्वेच्या बाईबरोबरचा. आठवड्यातून तीनदा, आपल्या दुपारी साडेचारला. दिवसभरात काय तपासलं ते तिच्या हवाली करायचा कॉल. आपले साडेचार, म्हणजे पूर्वेचे साडेसात. रात्रीचे. त्यापुढे लिहिलं होतं, वर्षाचे तास, एकशे बारा. वेळ कोणी ठरवली, तर चाळणीने. वेळेबाहेर कोण बसलं, तर पूर्वेची बाई.

चाळणीने ती ओळ दोनदा वाचली. साडेचार! साडेचार म्हणजे ऑफिसचीच वेळ की! म्हणून तर तिच्या मोजणीत तो कॉल आलाच नव्हता. तिने मोजलं होतं ते स्वतःच्या खिडकीतून. सगळ्यांच्या कामातले खडे काढणाऱ्या बाईने आपल्याच ताटातला खडा पाहिला नव्हता.

तिने तडक फोन लावला. पूर्वेकडे दुपार होती.

"हा कॉल सकाळीही झाला असता," चाळणी म्हणाली. "माझ्या साडेनऊला, तुमच्या साडेबाराला. तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"बोलले होते, ताई. पहिल्या वर्षी. तुम्ही म्हणालात, सकाळी अहवाल वाचायचे असतात, एक मिनिट, मग बघू."

चाळणीला ते आठवतसुद्धा नव्हतं.

"आणि तो कॅमेरा?"

पूर्वेची बाई म्हणाली, "मी जिन्यात बसते. साडेसातपासून दहापर्यंत. तुमचा कॉल, मग साहेबांचा. थंडीत अकरा वाजतात. घरात एकच खोली आहे. सासरे आजारी असतात, त्यांना आवाज सोसत नाही. जिन्यातला दिवा सारखा विझतो. तोंड काय दाखवायचं?"

"मी फार वाईट वागले तुमच्याशी," चाळणी म्हणाली.

"हो," पूर्वेची बाई म्हणाली. उगाच 'नाही हो ताई' वगैरे काही नाही. मला ही बाई आवडली ती इथे. "मी तुमच्यावर चार वर्षं डूख धरला होता. तुमचा तक्ता आला तेव्हा म्हटलं, आली संधी."

दोघी एकदम हसल्या. कसलं हसणं ते, जखमेवर मीठ पडल्यावर येतं तसलं.

आता प्रश्न असा होता. ती ओळ काढली तर ईमेल कसं धारदार राहत होतं. साहेबांचं शून्य आणि बाकीच्यांचे डोंगर. ओळ ठेवली तर चाळणी स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात. साहेब सुट्टीवर म्हणून कॉल नसलेल्या एका शुक्रवारी संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पोळपाट धूत होता.

"ओळ ठेव," तो म्हणाला.

"अरे, म्हणजे आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन!"

"असू दे की. नाक परत येतं का जातं, बघू. पण तिच्या चार वर्षांवर तू तुझी भाकरी भाजू नकोस."

भट्टीवरचा माणूस. त्याला भाजण्यातलं कळतं.

चाळणीने ओळ ठेवली. नुसती ठेवली नाही, सगळ्यात वर नेली. ईमेलच्या सुरुवातीलाच लिहिलं, "हा तक्ता करताना मला कळलं की मीच ठरवलेल्या एका वेळेमुळे माझी सहकारी वर्षानुवर्षं रात्री बसते आहे. तो कॉल मी सोमवारपासून माझ्या सकाळी साडेनऊला आणला आहे." मेखही उपटून काढली. जीव तुटला तिचा, पण काढली. तिच्या जागी साफ लिहिलं, "आमंत्रणं माझ्या कॅलेंडरमधून जातील, म्हणून पश्चिमेची घड्याळं बदलतील तेव्हा तिथल्या वेळा आपोआप सरकतील. त्या आधीच्या आठवड्यात सगळे मिळून वेळा पुन्हा लावू." पाळ्यांचा क्रम मात्र तिने तसाच ठेवला. इतकीही काही ती संत नव्हती.

दोघींच्या सहीने ईमेल गेलं. सूर्यनारायणांना, टीमला, आणि त्यांच्या वरच्या मोठ्या बाईंना.

मोठ्या बाईंचं उत्तर तासाभरात. "सगळ्यात आधी स्वतःची चूक लिहिणारा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला. करून बघा." झालं! आता सूर्यनारायण नाही कसे म्हणणार? चाळणीने आपली चूक कबूल केल्यावर ते आपलं शून्य घेऊन कुठे लपणार? एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, सगळ्यांना. कल्पना उत्तम आहे, पहाटेची हवा चांगली असते वगैरे. आणि शेवटी, साहेब म्हटल्यावर काहीतरी सुधारलंच पाहिजे ना, म्हणून, "फक्त ते घड्याळ बदलल्यावर वेळा पुन्हा लावायचं कलम काढा. उगाच घोळ. एकदा वेळ ठरली की ठरली. कॅलेंडरला परत कोणी हात लावायचा नाही."

चाळणीने ते तीनदा वाचलं. फोन वाजला. पूर्वेची बाई.

"वाचलंत?"

"वाचलं."

"त्यांना कळलं नाहीये."

"सहा वर्षं त्यांच्या घड्याळाला जग बांधलं होतं. त्यांना कुठून कळणार?"

"मग सांगायचं?"

"विचारायचं," चाळणी म्हणाली. "एकदा. चांगल्या शब्दांत." आणि तिने सगळ्यांसमोर लिहिलं, "सर, घड्याळं बदलतात त्या दिवशीसुद्धा वेळ हलवायची नाही ना? कृपया एकदा नीट पाहून सांगावं."

उत्तर चार मिनिटांत. "हो हो, नक्की! ठरलं ते ठरलं." पुढे हसरा चेहरा.

आता याला कोणी काय करावं? खड्डा दाखवला, भोवती दोरी बांधली, आणि माणूस दोरीवरून उडी मारून आत पडला.

पाळ्या सुरू झाल्या. पहिल्या पाळीत साहेब सहाला आले, जरा सुजलेले, पण उत्साहात. चाळणी साडेपाचला मोकळी, सहाला घरी. दुसरी पाळी साडेपाचला संपायची, तीही चालली. तिसऱ्या पाळीत ती पहाटे स्वयंपाकघरात बसायची, नवरा भट्टीवर. संध्याकाळ तशीच्या तशी शिल्लक. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, मग संपल्या. दोघं भांडू लागली, अगदी सावकाश, वेळ घेऊन. चैनच होती ती. पण दिवसाची पाळी गेली ती गेली. रोज रात्री दीडचा गजर वाजला की चाळणीला काचेवरचं ते बोट ऐकू यायचं, आणि तिचं मन घड्याळ बदलायचे दिवस मोजायचं.

तो सोमवार आला. पश्चिमेची पाळी. दुपारचे तीन. चाळणी खुर्चीवर पाय घेऊन बसली, पाण्याची बाटली भरलेली, कॅमेरा चालू. एकेक चौकोन उघडला. सूर्यनारायण नाहीत. तीन वाजून दोन मिनिटं, पाच, आठ. मोठ्या बाई त्या दिवशी मुद्दाम बसल्या होत्या, टीमचं नवं वेळापत्रक कसं चाललंय ते बघायला. दहाव्या मिनिटाला चौकोन उघडला. काळोख. मग एक दिवा, आणि दिव्यात साहेब. केस एका बाजूला उभे, अंगात झोपायचा सदरा, गालावर उशीची घडी. आतून कोणीतरी झोपमोड झाल्यासारखं खेकसलं, आणि ते दबक्या आवाजात म्हणाले, "एक मिनिट गं."

"हे, हे काहीतरी चुकलंय," ते म्हणाले. "इथे पाच वाजलेत. कॅलेंडर चुकीचं दाखवतंय."

"चुकलं नाहीये," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलंत ना, कॅलेंडरला हात लावायचा नाही?"

तेवढ्यात पूर्वेच्या बाईचा चौकोन उजळला. सहा वर्षांत पहिल्यांदा. जिना नव्हता. ऑफिसातली खुर्ची होती, मागे संध्याकाळचा उजेड, आणि एक सावळी, बारीक, केस घट्ट बांधलेली बाई सरळ पडद्यात बघत होती. तिथे सहा वाजले होते.

"नमस्कार सर," ती म्हणाली. "काल तुमचं घड्याळ मागे गेलं ना? कसं वाटतंय?"

यावर मात्र कोणी हसलं नाही. चाळणीचं सांगू? तिने बाटली उघडली आणि सावकाश घोटभर पाणी प्यायली. चांगला सूड असाच असतो, त्यात आपल्याला तोंडही उघडावं लागत नाही.

तो कॉल अर्ध्या तासाच्या आत संपला. होडीचा विषय निघाला नाही. पुढचे तीन दिवस साहेब पाचला आले, गप्प, दाढी न करता. गुरुवारी दुपारी साडेचारला चाळणीच्या पडद्यावर त्यांचा निरोप उमटला. नुसता तिलाच. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही, हसरा चेहराही नाही.

"बोलायचं आहे."

चाळणी त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. तेच दोन शब्द, अगदी तेच. खाली थांब्यावर बस लागली होती. चाव्यावाल्याने दुकानातला दिवा लावला. त्याला काय बोलायचं होतं ते तिला ठाऊक होतं. एक टिचकी, आणि कॉल तासभर पुढे सरकला असता, आपले तीनचे चार झाले असते, कोणाचं काही बिघडलं नसतं. पूर्वेचे सात झाले असते, तेवढं विचारावं लागलं असतं. विचारायचं ती ठरवूनच बसली होती. न्याय तो न्याय, तो साहेबालाही द्यायचाच होता.

पण आज नाही.

तिने टंकलं, "एक मिनिट."

आणि संगणक मिटला, डबा पिशवीत टाकला आणि साडेपाचच्या ठोक्याला जिना उतरली. सहाला घरी पोचली तेव्हा नवरा कणीक मळत होता. "आज खुशीत?" त्याने विचारलं. जेवायला बसल्यावर तिने सगळं सांगितलं, तोंडातला घास तसाच ठेवून, हातवारे करत. तो इतका हसला की खोकला आला.

"मग उत्तर कधी देणार त्याला?" डोळे पुसत त्याने विचारलं.

चाळणीने फ्रिजकडे पाहिलं. चिठ्ठ्यांचा लोहचुंबक तिथे एकटाच चिकटून होता.

"नऊ दिवसांनी," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात दुसरी पोळी वाढली.